सहा महिन्यांच्या कामाला बारा महिन्यांचं टार्गेट

एप्रिल उजाडला की बहुतेक खासगी कंपन्यांत अप्रेझलची गडबड सुरू होते. वर्षाचं टार्गेट किती होतं आणि त्यातलं किती पूर्ण झालं, यावरून रेटिंग ठरतं, आणि रेटिंगवरून पगारवाढ. वर्षभर हजर असलेल्यांच्या बाबतीत ही पद्धत बऱ्यापैकी चालते. पण त्याच वर्षात एखादी बाळंतपणाच्या रजेवर गेलेली असेल किंवा एखाद्याचं मोठं ऑपरेशन झालेलं असेल, तर हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो. त्यात कुणाचा वाईट हेतू असतोच असं नाही. मॅनेजर मनापासून सांगतो, 'रजेचा आमच्याकडे काही परिणाम होत नाही, आम्ही फक्त आकडे बघतो.' पण रजा त्या आकड्यांतच दडलेली असते.

कायद्याची बाजू आधी पाहू. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. या रजेच्या काळात बाईला कामावरून काढता येत नाही, आणि तिच्या नोकरीच्या अटी तिचं नुकसान होईल अशा रीतीने बदलताही येत नाहीत. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हेच संरक्षण कायम ठेवलं आहे. मात्र अप्रेझलच्या फॉर्मवर कोणता आकडा कसा काढावा, हे कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. तो भाग मॅनेजर आणि एचआर यांच्यावर राहतो, आणि नुकसान तिथेच होतं. ते कसं होतं हे कळण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू.

स्नेहल एका गृहकर्ज देणाऱ्या कंपनीच्या शाखेत काम करते असं समजू. कर्ज हवं असलेले ग्राहक शोधायचे, त्यांच्या फायली करायच्या आणि कर्जाची रक्कम प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत पाठपुरावा करायचा, हे तिचं काम. वर्षाचं टार्गेट आहे ६ कोटी रुपयांच्या कर्जवाटपाचं. ती १ जुलैला रजेवर गेली, २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस संपवून डिसेंबरच्या अखेरीला परत आली. म्हणजे आर्थिक वर्षाची पहिली आणि शेवटची तिमाही ती कामावर होती. पहिल्या तिमाहीत तिच्या नावावर १ कोटी २५ लाखांचं वाटप झालं, शेवटच्या तिमाहीत १ कोटी १५ लाखांचं. एकूण २ कोटी ४० लाख.

संगणकात वर्षाचं टार्गेट ६ कोटीच भरलेलं आहे, त्यामुळे फॉर्मवर आपोआप उमटतं: ४० टक्के. पाचपैकी एक किंवा दोन रेटिंग देण्याजोगा हा आकडा. कुणीही तो मुद्दाम काढलेला नाही, रजेवर जाताना टार्गेट बदलायचं राहून गेलं एवढंच. पण गैरहजेरीची सगळ्यात मोठी शिक्षा इथेच होते, कारण पुढची प्रत्येक बैठक याच आकड्यापासून सुरू होते.

जाणता मॅनेजर इथे पहिली दुरुस्ती करतो. ती वर्षातले १८३ दिवस कामावर होती, म्हणजे जवळपास निम्मं वर्ष. टार्गेट ३ कोटी धरलं की काम ८० टक्के होतं. बहुतेक कंपन्या इथवर येऊन थांबतात आणि आपण न्याय केला असं समजतात. पण वर्षाचे सगळे महिने सारखे नसतात. या शाखेत तिमाहीवार टार्गेट आधीपासून ठरलेलं आहे: एप्रिल ते जून १ कोटी २० लाख, जुलै ते सप्टेंबर १ कोटी ४० लाख, दसरा-दिवाळीच्या तिमाहीत १ कोटी ८० लाख आणि मार्चअखेरच्या तिमाहीत १ कोटी ६० लाख. स्नेहल ज्या दोन तिमाहींत हजर होती त्यांची बेरीज २ कोटी ८० लाख येते. दिवसांच्या सरळ भागाकाराने तिच्या माथी २० लाख जास्त मारले होते. २ कोटी ८० लाखांच्या टार्गेटवर २ कोटी ४० लाख म्हणजे ८६ टक्के.

तरीही मॅनेजरला एक गोष्ट खटकत राहते. पहिल्या तिमाहीत ती टार्गेटच्या पुढे होती, पण परत आल्यावर १ कोटी ६० लाखांपैकी १ कोटी १५ लाखच झाले. 'मूल झाल्यावर लक्ष थोडं कमी झालंय' हे वाक्य इथे जन्माला येतं, आणि ते आकड्यांच्या आधाराने आल्यामुळे खरं वाटतं.

त्यासाठी कर्जाची फाइल कशी चालते ते बघावं लागतं. ग्राहकाचा अर्ज येतो, मग पगाराच्या स्लिपा आणि बँकेच्या नोंदी तपासल्या जातात, वकील घराच्या मालकीचा शोध घेतो, व्हॅल्युअर येऊन जागेची किंमत ठरवतो. त्यानंतर मंजुरी मिळते, नोंदणी होते आणि मगच चेक निघतो. या शाखेत त्याला साधारण दोन महिने लागतात असं धरू. रजेवरून परत आलेल्या स्नेहलच्या हातात जानेवारीत एकही चालू फाइल नव्हती. तिने जानेवारीत मिळवलेल्या ग्राहकाचं कर्ज मार्चमध्ये वाटलं गेलं, आणि मार्चमध्ये मिळवलेल्या ग्राहकाचं वाटप या वर्षात दिसणारच नाही. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे मात्र जानेवारीत नोव्हेंबर-डिसेंबरच्या फायली तयार होत्या.

आता उलट्या टोकाला जाऊ. स्नेहल जूनअखेर गेली तेव्हा तिच्या काही फायलींना मंजुरी मिळालेली होती, फक्त नोंदणी आणि चेक बाकी होता. त्या फायली एका सहकाऱ्याकडे सोपवल्या गेल्या आणि जुलैत ४० लाखांचं वाटप त्याच्या नावावर लागलं. काम जवळजवळ सगळं तिचं होतं. ते तिच्या हिशेबात परत घेतलं की २ कोटी ८० लाख होतात आणि टक्केवारी येते १००. शेवटच्या तिमाहीत जे कमी पडल्यासारखं दिसत होतं, त्याचा बहुतेक भाग जुलैत दुसऱ्याच्या खात्यावर गेलेला होता.

बाई तीच, काम तेच, आणि आकडे निघाले ४०, ८०, ८६ आणि १००. यातल्या शेवटच्या आकड्यात दयेचा, सवलतीचा एक रुपयाही नाही. ती हजर असताना तिच्याकडून काय अपेक्षित होतं आणि त्या काळात तिने काय केलं, एवढीच दोन टोकं नीट जुळवलेली आहेत.

इथे एक मर्यादाही सांगायला हवी. पुष्कळ कंपन्या परतल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांचं टार्गेट कमी ठेवतात. फायलींची साखळी तुटल्याची भरपाई म्हणून हाही चांगला मार्ग आहे. पण जुलैतले ४० लाख परत दिले आणि त्याच कारणासाठी जानेवारीचं टार्गेटही कमी केलं, तर एकाच तोट्याची भरपाई दोनदा होते. मग सहकाऱ्यांना खटकणं साहजिक आहे. दोनपैकी एक मार्ग निवडावा, आणि तो रजेवर जाण्याआधी लेखी ठरवावा. आणि समजा, हे सगळं करूनही तिची पहिली तिमाही खरंच कमजोर निघाली असती, तर तसं स्पष्ट लिहायला काहीच हरकत नाही. रजा घेतली म्हणून कमी देऊ नये, आणि रजा घेतली म्हणून वाढवूनही देऊ नये.

हा हिशेब एप्रिलमध्ये आठवून करायचा म्हटलं तर जमत नाही. जूनमध्ये कोणती फाइल कोणत्या टप्प्यावर होती, हे दहा महिन्यांनी कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून रजेवर जाण्याच्या आधीच्या पंधरवड्यात मॅनेजर आणि कर्मचारी यांनी तासभर बसून एक टिपण करावं. आतापर्यंत झालेलं काम, हातातली कामं आणि त्यांचा टप्पा, ती कुणाकडे सोपवली, त्यांचं श्रेय कसं वाटायचं, आणि या काळासाठी मॅनेजरने मनात ठरवलेलं रेटिंग, एवढं त्यात हवं. दोघांच्या सह्या हव्यात. हे रेटिंग तेव्हाच लिहून ठेवण्याचं कारण असं की माणसाला शेवटचे महिने जास्त आठवतात. मार्चमध्ये थकलेली, बाळाला सांभाळून येणारी स्नेहल दिसते आणि एप्रिल-मेमध्ये टार्गेटच्या पुढे असलेली स्नेहल विसरली जाते. मधल्या काळात मॅनेजरची बदली झाली असेल तर नव्या मॅनेजरसमोर हे टिपण हा एकमेव साक्षीदार उरतो.

आकड्यांनंतर येतो शेऱ्यांचा रकाना. 'वर्षातील बराच काळ अनुपस्थित असल्यामुळे टीमवर अपेक्षित प्रभाव पडला नाही.' हे वाक्य सभ्य आहे, आणि त्यात कामाबद्दल एक अक्षरही नाही. त्याच जागी लिहिता येईल: 'एप्रिल ते जून टार्गेटपेक्षा जास्त वाटप. हाताळलेल्या फायलींमध्ये कागदपत्रांच्या त्रुटी कमी. जानेवारीपासून नवे ग्राहक मिळवण्याचा वेग चांगला, मात्र बिल्डरांशी संपर्क पुन्हा उभारावा लागेल.' या शेऱ्यात उणीवही आहे, पण ती कामाची आहे आणि भरून काढता येण्यासारखी आहे. शेरा तपासायची एक सोपी रीत आहे. गैरहजेरीचा उल्लेख काढून टाकल्यावर वाक्यात काही उरतं का ते पाहावं. काही उरत नसेल तर ते वाक्य फॉर्मवर नको. 'उपलब्धता', 'झोकून देण्याची तयारी', 'सातत्य' अशा रकान्यांतही हीच काळजी हवी, कारण तिथे रजा दुसऱ्या नावाने शिरते.

यानंतर रेटिंग शाखेतून वर जातं. अनेक मोठ्या कंपन्यांत ठरावीक टक्के लोकांनाच वरचं रेटिंग देता येतं आणि ठरावीक टक्के लोकांना खालच्या गटात बसवावं लागतं. याला बेल कर्व्ह म्हणतात. सात-आठ मॅनेजर एका खोलीत बसतात आणि प्रत्येकाला आपलं एखादं माणूस खाली ढकलावं लागतं. अशा वेळी रजेवर गेलेल्या माणसाचं नाव सगळ्यांना सोयीचं वाटतं. त्याला खाली ढकलल्याने हजर असलेला कुणी दुखावत नाही आणि कारणही तयार असतं. एचआरने इथे एक साधा नियम ठेवला तर पुष्कळ फरक पडतो: लांब रजेवरून आलेल्या माणसाचं मॅनेजरने दिलेलं रेटिंग बैठकीत कमी करायचं असेल, तर त्याचं कामाशी संबंधित कारण लेखी द्यावं लागेल. बैठक संपल्यावर आणखी एक पडताळणी करावी. त्या वर्षी लांब रजा घेतलेल्या सगळ्यांची आधीच्या वर्षाची आणि या वर्षाची रेटिंग शेजारी-शेजारी ठेवावीत. एखाद-दुसरं खाली आलं तर ती त्या व्यक्तीची गोष्ट असेल. बहुतेक सगळीच एकेक पायरी खाली आली असतील तर दोष मोजण्याच्या पद्धतीत आहे.

'नियम सगळ्यांना सारखाच आहे' हे उत्तर इथे पुरत नाही. सैन्यातल्या महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये जो निकाल दिला, त्यात मूल्यमापनाचे जुने गोपनीय अहवालच प्रश्नाच्या मुळाशी होते. वरून सगळ्यांना सारखा दिसणारा निकषसुद्धा एका गटाचं नुकसान करत असेल तर तो अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, हे न्यायालयाने त्या निकालात मान्य केलं.

आता पगारवाढ. इथे एक चूक फार सर्रास होते आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. स्नेहलचं रेटिंग नीट लागलं, त्या रेटिंगला ८ टक्के वाढ आहे, पण तिने अर्धंच वर्ष काम केलं म्हणून ४ टक्केच दिली. ऐकायला हे रास्त वाटतं. तिचा पगार ५० हजार असेल तर तो ५४ हजार व्हायच्या ऐवजी ५२ हजार होतो. हा दोन हजारांचा फरक एका वर्षापुरता राहत नाही. पुढची प्रत्येक वाढ कमी पगारावर बसते, पगाराशी जोडलेली भविष्यनिर्वाह निधीची आणि ग्रॅच्युइटीची रक्कमही त्यामुळे कमी होऊ शकते. सहा महिन्यांच्या रजेची किंमत ती पंधरा-वीस वर्षं भरत राहते. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. प्रत्यक्ष वाटपावर मिळणारा इन्सेन्टिव्ह ज्या महिन्यांत काम झालं त्यावरच मोजला जाणार, हे समजण्यासारखं आहे. पगारवाढ मात्र त्या माणसाच्या कामाचा दर्जा आणि बाजारातली त्याची किंमत यांसाठी असते, आणि त्या दोन्ही गोष्टी रजेमुळे अर्ध्या होत नाहीत.

कधीकधी वर्षात हजेरीच इतकी कमी असते की मूल्यमापन करायला आधार नसतो. इथे केंद्र सरकारच्या कार्यालयांतली जुनी पद्धत खासगी कंपन्यांनाही शिकण्यासारखी आहे. वरिष्ठाने कर्मचाऱ्याचं काम किमान तीन महिने पाहिलेलं असल्याशिवाय त्याने अहवाल लिहायचा नाही. पंधरा दिवसांपेक्षा मोठी रजा या तीन महिन्यांतून वजा करता येते. अहवाल नसेल तर तसा दाखला फाइलला लागतो, आणि बढतीच्या वेळी समिती त्या मोकळ्या वर्षाच्या जागी त्याच्या मागच्या वर्षाचा अहवाल पाहते. मोकळं वर्ष वाईट वर्ष धरलं जात नाही. खासगी कंपन्यांत अशा वेळी 'रेटिंग नाही' असं लिहितात आणि तिथेच घात होतो. बढतीसाठी 'मागची दोन वर्षं किमान चार रेटिंग' अशी अट असते, संगणक रिकामा रकाना अपात्र ठरवतो आणि नाव यादीतच येत नाही.

बढतीसाठी लागणारं प्रशिक्षण रजेच्या काळात आलं तरी असंच होतं. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका महिला इन्स्पेक्टरला गरोदरपणामुळे बढतीआधीच्या कोर्सला जाता आलं नाही. दलाने ती तिची अनिच्छा धरली आणि पुढे तिची ज्येष्ठता गेली. २०१५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने गरोदरपणाला अनिच्छा म्हणता येणार नाही असं ठरवून तिची ज्येष्ठता परत दिली. कंपनीतही मार्ग हाच आहे: चुकलेला कोर्स नंतर करू द्यावा, आणि तो पूर्ण झाल्यावर बढती सहकाऱ्यांच्या तारखेपासून धरावी.

आजारपणाची रजा काही बाबतींत याहून कठीण असते. बाळंतपणाची तारीख आधी कळते, हार्ट अटॅकची कळत नाही. म्हणून इथे रजेआधीचं टिपण कर्मचाऱ्याबरोबर बसून करता येत नाही. मॅनेजरने ते पहिल्या आठवड्यातच कागदपत्रांवरून तयार करावं आणि माणूस परतल्यावर त्याला दाखवून दुरुस्त करून घ्यावं. दुसरी गोष्ट, आजार बऱ्याचदा निदानाच्या आधीच कामात दिसू लागतो. रजेपूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत चुका अचानक वाढल्या असतील, तर तोच काळ वर्षाचा नमुना म्हणून धरू नये. आणि परत आल्यावर डॉक्टरांनी काही आठवडे अर्धा दिवस काम सांगितलं असेल, तर त्या आठवड्यांचं टार्गेटही अर्धंच हवं. अप्रेझलच्या फॉर्मवर आजाराचं नाव कुठेही येऊ नये. 'मान्य रजा' आणि तारखा एवढं पुरतं, कारण तो फॉर्म पुढे अनेकांच्या हातांतून जातो.

कायद्याचं संरक्षणही इथे पातळ आहे. राज्य कामगार विमा योजनेखाली येणाऱ्या कामगाराला आजारपणाचा लाभ मिळत असताना काढता येत नाही किंवा शिक्षा करता येत नाही, पण या योजनेला पगाराची मर्यादा आहे. तिच्या वरच्या पगाराच्या माणसाला मुख्यतः कंपनीच्या नियमांवरच अवलंबून राहावं लागतं. म्हणून ते नियम लेखी असणं त्याच्यासाठी जास्त गरजेचं.

राहता राहिले सहकारी. ज्याने सहा महिने स्नेहलच्या फायली सांभाळल्या, त्याची तक्रार खरी असते. त्याने दोन टेबलांचं काम केलं. त्या कामाची दखल त्याच्या फॉर्मवर वेगळी लिहावी, आणि जमल्यास त्या काळासाठी वेगळा भत्ता द्यावा. जुलैतल्या ४० लाखांचं श्रेय तिला देताना, फाइल शेवटपर्यंत नेल्याबद्दल त्यालाही गुण द्यावेत. शाखेच्या बेरजेत ती रक्कम एकदाच धरायची, एवढं पाहिलं की झालं. हा खर्च कंपनीचा आहे. तो स्नेहलच्या रेटिंगमधून वसूल केला, की दोन सहकारी एकमेकांचे प्रतिस्पर्धी होतात आणि पुढच्या वेळी रजा मागणारी प्रत्येकजण अपराधी मनाने मागते.

रजेवर जाणाऱ्या व्यक्तीने आपल्या बाजूने तीन गोष्टी कराव्यात. हजेरीच्या काळाचं सुधारित टार्गेट ई-मेलवर मागून घ्यावं. हातातल्या कामांची टप्प्यांसह यादी मॅनेजरला पाठवून ठेवावी. आणि स्वतःच्या मूल्यमापनात रजेबद्दल खुलासा किंवा दिलगिरी न लिहिता, हजर असलेल्या महिन्यांचं काम महिन्यागणिक मांडावं. रेटिंग कमी आलं तर 'का?' असं मोघम विचारण्यापेक्षा 'कोणतं टार्गेट धरून काढलं?' असं विचारावं. ज्या फॉर्मवर अजून ६ कोटीच छापलेले आहेत, तो त्या एका प्रश्नाने दुरुस्तीला परत पाठवावा लागतो.